पान असताना पास

शेवटचं पान तिने इतक्या शांतपणे टाकलं, की आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. इस्पिकची सत्ती. हात रिकामा, डाव संपला, आणि आम्ही तिघं आपापल्या हातात इस्पिकची चार-चार पानं घेऊन एकमेकांकडे पाहत बसलो. खेळ बदाम सातचा. मामेभावाच्या बायकोची भाची, वय नऊ-दहा, पहिल्यांदाच आमच्यात खेळायला बसली होती. माझ्या भाच्याच्या हातात राजा, राणी, दश्शी आणि पंजी. माझ्याकडे गुलाम, नव्वी, चौर्री, एक्का. मामेभावाकडे अठ्ठी, छक्की, तिर्री, दुर्री. इस्पिकची बाराच्या बारा पानं आमच्या हातांत आणि त्यांना वाट करून देणारं एकच पान सगळा वेळ तिच्याकडे. गुण मोजले तर चाळीस, पंचवीस आणि एकोणीस, मिळून चौऱ्याऐंशी. तिचे शून्य.

भाच्याने आधी पानं आपटली, मग आवाज चढवला. "तू मघाशी दोनदा पास म्हणालीस. तेव्हा ही सत्ती तुझ्याकडे होती की नाही?" ती म्हणाली, "होती." लपवाछपवी नाही, खंत नाही, उलट थोडा अभिमानच. "मग टाकली का नाहीस?" यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने 'जिंकायचा प्रयत्न का केलास' असं विचारलं होतं. भाचा तिला चीटर म्हणाला. ती रडली नाही, पण उठून आतल्या खोलीत गेली, आणि मोठ्यांच्या चेहऱ्यांवर ते ओशाळं हसू आलं, जे दोन घरांच्या मुलांमध्ये काही झालं की येतं. तिची आई मला हळूच म्हणाली, "आमच्याकडे असंच खेळतात हो. अडवलं नाही तर त्यात खेळ काय राहिला?"

हे वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरलं.

आमच्या घरी बदाम सातचा कायदा एकच आणि तो कुणी कधी बोलूनही दाखवलेला नाही: लागणारं पान हातात असेल तर ते खेळायचंच. पास हा शब्द फक्त अगतिकतेचा. पण म्हणून आमच्या घरी कुणी अडवत नाही असं नाही. आमची आत्या या खेळात अट्टल होती आणि तिची कला नेमकी याच कायद्याच्या फटीत बसायची. समजा तिच्याकडे इस्पिकची सत्ती आहे आणि बाकी इस्पिक एकही नाही. ती सत्ती टाकून तिला स्वतःला काही मिळत नाही, फक्त दुसऱ्यांची वाट मोकळी होते. पण तिच्याकडे बदामाची पंजी, चौर्री आणि तिर्रीही आहे आणि खाली बदामाची छक्की पडलेली आहे. ती पंजी टाकते. पुढची चौर्री तिच्याकडेच, म्हणजे पंजी टाकल्याने दुसऱ्या कुणाला काडीचाही फायदा नाही. पुढच्या फेरीत चौर्री. मग तिर्री. तीन फेऱ्या ती नियमाने खेळत राहते, सत्ती हातात राहते, आणि तेवढ्यात ज्याचा हात इस्पिकने भरलाय त्याची बाकीची पानं संपून तो पासवर येतो. चौथ्या फेरीला तिच्याकडे दुसरं काही लागणारं नसेल, तर मात्र सत्ती खाली येणारच. सक्तीच्या घरात वेळ कमवावा लागतो, आणि तो कमवायचा एकच मार्ग म्हणजे आपल्याच हातातली सलग पानं. म्हणून आत्या पानं लावताना आधी सलग किती आहेत ते पाहायची, चित्रं किती हे नंतर.

त्या मुलीच्या घरात हा वेळ फुकट मिळतो. फरक एवढाच, पण त्याने सगळा खेळ पालटतो. ती पहिल्यांदा पास म्हणाली तेव्हाची स्थिती मी नंतर मनात पुन्हा मांडून पाहिली. तिच्याकडे तेव्हा लागणारं पान एकच होतं, ती सत्ती. आमच्या कायद्याने ती तेव्हाच पडली असती. तिच्यानंतर मामेभाऊ अठ्ठी टाकणार, मी नव्वी, भाचा दश्शी. पुढच्या फेरीत मामेभावाची छक्की, माझा गुलाम, भाच्याची राणी. त्यापुढच्या फेरीत भाचा राजाही उतरवून मोकळा. ज्या हातात चाळीस गुण अडकले, त्यात इस्पिकची एक पंजी उरली असती. म्हणजे तिचा डाव एका पासवर उभा होता आणि आमच्या घरात तो पास अस्तित्वातच नाही. गंमत अशी, की तिला तेव्हा दुसरं एखादं पान लागत असतं, तर तेच टाकून तिने सत्ती तशीच शेवटपर्यंत ठेवली असती, आणि भाच्याला तोंड उघडायला जागा उरली नसती. शेवटच्या फेऱ्यांमध्ये तिने तेच केलं. आम्ही तिघं पास-पास म्हणत होतो, ती एकेक पान शिस्तीत उतरवत होती, आणि सत्ती कुणाकडे आहे हे न कळण्याइतकं कुणीच खुळं नव्हतं. भाचा चिडला तो सत्ती ठेवल्याबद्दल नाही. त्या दोन पासांबद्दल.

सत्तीच अडवायला सगळ्यांत स्वस्त का, हेही तेव्हा नीट ध्यानात आलं. इतर कुठलंही पान धरून ठेवलं तर ते पुढे आपल्याच अंगाशी येऊ शकतं. छक्की अडवली आणि आपल्याकडे त्याच रंगाचा एक्का असेल, तर आपण स्वतःचाच पाय अडकवून बसलो. आधीचं पान दुसऱ्याने अडवलं, तर आपलं पान नुसतं पडून राहतं. सत्तीला मात्र आधीचं पानच नाही. बदामची सत्ती पडून खेळ सुरू झाला, की बाकीच्या तीन सत्त्या कधीही टाकता येतात. ज्याच्याकडे फक्त सत्ती आहे त्याच्या हातात कायम चालणारं नाणं असतं, आणि अगदी हरलाच तर सात गुण बसतात. त्यामुळे पासाची मोकळीक असलेल्या घरात एकटी सत्ती हातात आली, की माणूस ती शेवटचं पान म्हणूनच ठेवणार. तसं न करणं हाच तिथे मूर्खपणा.

मग मी तिच्या आईला विचारलं, की सगळ्यांनीच अडवलं तर? ती हसली. "मग भांडण."

हे उत्तर वाटतं तितकं थट्टेचं नाही. सक्तीच्या खेळात डाव कधीच तुंबत नाही, आणि त्याला साधं कारण आहे. कुठल्याही क्षणी, ज्या रंगाची पानं उरली आहेत त्या रंगाचं पुढचं पान कुणाच्या तरी हातात असतंच. त्याची पाळी आली, की ते किंवा दुसरं एखादं लागणारं पान त्याला टाकावंच लागतं. म्हणजे एका पूर्ण फेरीत निदान एक पान पडणारच. मोकळ्या पासात ही हमी जाते. तू छक्की सोड मग मी अठ्ठी सोडतो, अशा अटीवर दोघं तिघं अडून बसले, तर पास-पास-पास करत फेऱ्या नुसत्या फिरत राहतात. तिच्या घरी यावर तोडगा होता, फक्त तो तिला आधी आठवला नव्हता: सगळ्यांनी लागोपाठ पास म्हटलं, तर ज्याने आधी पास म्हटलं त्याने लागणारं पान टाकायचं. नसेल तर त्याच्या पुढच्याने. एक नियम सैल केला की त्याच्या मागून असा दुसरा घ्यावा लागतो, आणि बहुतेक घरांना हा दुसरा नियम आपल्याकडे आहे हे तो वापरायची वेळ आल्याशिवाय कळतही नाही.

गुणांचंही तसंच. आमच्याकडे पहिला सुटला की डाव संपतो आणि उरलेल्यांच्या हातातली पानं मोजतात, राजा तेरा, राणी बारा, गुलाम अकरा, बाकी पानावर असेल ते. काही घरांत चित्रांचे सरसकट दहा. काही घरांत गुण नाहीतच, शेवटपर्यंत खेळायचं आणि जो उरेल तो हरला. वरवर पाहता हे फक्त हिशेबाचे प्रकार वाटतात, पण पासाच्या नियमाशी त्यांचं आतून साटंलोटं आहे. गुण मोजत असाल, तर अडवणाऱ्यालाही धोका असतो. राजा-राणी हातात ठेवून दहाची वाट अडवून बसलात आणि तेवढ्यात पलीकडचा सुटला, तर तुमच्याच अंगावर तीस-पस्तीस गुण. शेवटपर्यंत खेळायच्या घरात हा धाक नसतो, फक्त पाळ्या मोजायच्या असतात. म्हणून मोकळा पास आणि शेवटपर्यंतचा खेळ एकत्र आले, की डाव फार रेंगाळतो, मुलं कंटाळून उठतात. मला विचाराल तर मोकळ्या पासाबरोबर गुण हवेतच. त्या मुलीच्या घरी ते होते. तिच्या खेळात काही ढिलाई नव्हती, तो वेगळ्या जागी घट्ट होता इतकंच.

आपल्या घरचा नियम आला कुठून, याचा शोध घ्यायला गेलं, की माग एका माणसापाशी जाऊन संपतो. आम्हाला खेळ शिकवला थोरल्या चुलत बहिणीने, तिला शिकवला आत्याने, आत्याला कुणी ते विचारायचं राहून गेलं. शिकवणारा पूर्ण नियम सांगत नाही, तो पानं वाटतो आणि म्हणतो, खेळता खेळता कळेल. जे खेळता खेळता समोर आलं नाही, ते शिकायचं राहतं, आणि पुढे कधी अडलं, की त्या क्षणी जो मोठा असेल तो ठरवतो. आमच्याकडे अगदी लहानांना कच्चा लिंबू म्हणून सवलत होती. त्यांनी चुकून पास म्हटलं आणि नंतर ते पान त्यांच्याकडे दिसलं, तरी कुणी बोलायचं नाही. मला आपलं वाटतं, की मोकळ्या पासाच्या कितीतरी घरांत सुरुवात अशीच झाली असेल. कच्चे लिंबू मोठे झाले, सवलत त्यांच्याबरोबर मोठी झाली, आणि त्यांनी ती पुढच्यांना नियम म्हणून शिकवली. पुरावा काही नाही. पण पत्ते वाटता वाटता लहान भावंडांशी आपण कसे बोलतो ते आठवलं, की पटतं.

इंग्रजीतल्या पत्त्यांच्या पुस्तकांत हाच खेळ फॅन टॅन, सेव्हन्स किंवा पार्लमेंट या नावांनी येतो. तिथे तो कवड्यांसारख्या चकत्या मध्ये टाकून खेळतात, आणि त्यातला दंड वाचून मला भाच्याचा चेहरा आठवला. पान नाही म्हणून पास म्हटलं तर एक चकती. पान असताना पास म्हटलं तर तीन. आणि हातात सत्ती असताना पास म्हटलं, तर त्याशिवाय त्या रंगाची छक्की आणि अठ्ठी ज्यांच्याकडे असेल त्यांना प्रत्येकी पाच चकत्या. कुठल्या पानाने कुणाचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं, हे नियम करणाऱ्याने नेमकं ओळखलं होतं. आमच्या डावात छक्की आणि अठ्ठी दोन्ही मामेभावाकडे, तेव्हा दहा चकत्या एकट्या त्याला आणि सगळ्यांत जास्त चिडलेल्या भाच्याला काहीच नाही. तो न्याय भाच्याला पटला असता असं वाटत नाही.

जपानमध्ये याच खेळाला शिचिनाराबे म्हणतात आणि तिथे हा वाद वेगळ्याच पद्धतीने मिटवलेला आहे. चारही सत्त्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या सुरुवातीलाच मांडायच्या. म्हणजे सत्ती अडवायचा प्रश्नच निकालात. त्यानंतर पास म्हणायची मुभा आहे, हातात पान असतानाही, पण साधारणपणे फक्त तीनदा. चौथ्यांदा पास म्हणायची वेळ आली, की तुम्ही बाद, आणि तुमच्या हातातली सगळी पानं आपापल्या जागी मांडली जातात. मोकळीक आहे पण मोजून. त्यातही घरोघरी फरक आहेतच, काही ठिकाणी एका बाजूने एक्का लागला, की तो रंग पुढे फक्त राजाच्या बाजूने उतरवायचा. पण पासाची किंमत ठरवायची कल्पना मला फार आवडली.

छापील नियम असले म्हणजे वाद मिटतो, असंही नाही. २०१९ साली ऊनोच्या कंपनीने जाहीर सांगितलं, की चार पानं उचलायला लावणाऱ्या पत्त्यावर दोनचा पत्ता टाकून सहाची शिक्षा पुढच्याकडे ढकलता येत नाही. त्यावर लोकांनी कंपनीलाच सुनावलं, की तुम्हाला तुमचा खेळ खेळता येत नाही. बदाम सातला तर कंपनीही नाही.

मग नव्या माणसांबरोबर बसताना विचारायचं काय? 'तुमच्याकडे वेगळे काही नियम आहेत का' हा प्रश्न फुकट जातो, उत्तर ठरलेलं असतं: नाही हो, नेहमीसारखंच. आपला नियम वेगळा आहे हे कुणालाच माहीत नसतं, कारण ज्याला तो वेगळा वाटेल असा माणूस आजवर समोर बसलेलाच नसतो. त्यामुळे मी हल्ली नियम विचारत नाही, प्रसंग विचारते. माझ्याकडे सत्ती आहे, ती टाकायची नाही, चालेल? एक जण सुटला, आता पुढे काय? पानं पाच जणांत वाटली, दोघांना एकेक जास्त आलं, ते कुणाला? सत्ती पडल्यावर आधी अठ्ठी टाकली तर चालेल, की छक्कीची वाट पाहायची? प्रसंग मांडला की माणसं उत्तर लगेच देतात आणि पुष्कळदा एकाच घरातले दोघं दोन उत्तरं देतात, मग त्यांचं आपापसात सुरू होतं. ते वाटण्याआधी झालेलं बरं. कारण पानं हातात आल्यावर नियमाबद्दलचं प्रत्येक मत त्या हाताकडे पाहूनच बनतं. ज्याच्याकडे तीन सत्त्या आहेत तो मोकळ्या पासाच्या बाजूने किती कळवळून बोलतो पाहा.

आणि डावाच्या मध्येच फरक उघडा पडला तर? माझं मत स्पष्ट आहे, तो डाव मोजायचा नाही. 'आता यापुढे आमच्या नियमाने' हे ऐकायला समजूतदारपणाचं वाटतं, पण ते अन्यायाचं आहे. मुलीने दोन पास घेतले ते तिचा नियम गृहीत धरून. आम्ही राजा-राणीची फिकीर न करता आधी बाकीची पानं उतरवत बसलो, ते इस्पिक कधीतरी सुटणारच हे गृहीत धरून. दोन्ही हात आधीच आपापल्या कायद्याने खेळले गेलेले असतात, ते मागे नेता येत नाहीत. आमच्याकडे मोठ्यांनी तेव्हा 'जाऊ दे, तीच जिंकली' असं म्हणून भाच्याला गप्प केलं. ते मला आवडलं नाही. लहान म्हणून जिंकवलं, असं तिला वाटलं असणार, आणि तिचा डाव खरोखर चांगला होता.

नंतर आमच्या घरी मी तीन पासांचा नियम लावून पाहिला, सत्त्या मात्र आपल्या पद्धतीने ज्याच्या त्याच्या हातात ठेवून. पहिल्याच डावात अडलं. मामेभावाकडे खरोखरच लागणारं पान नव्हतं, तो पास म्हणाला, आणि भाच्याने बोट मोडून एक मोजला. मामेभाऊ म्हणे, "हा माझा पास नव्हे, ही माझी लाचारी." मुद्दाम म्हटलेला पास आणि नाइलाजाचा पास एकाच हिशेबात धरायचा का? धरला, तर वाईट पानं आलेला माणूस चौथ्या फेरीलाच संपतो. नाही धरला, तर नाइलाज खरा की खोटा हे पानं पाहिल्याशिवाय ठरवायचं कसं, आणि पानं दाखवली तर खेळ कसला? जपानी पद्धतीत सगळे पास सारखेच मोजतात, ते कारण इथे आपोआप समोर आलं. बंद हातात दुसरं काही मोजताच येत नाही. पण मग सत्त्या आधीच मांडून घेण्याची त्यांची अटही तिथूनच आलेली असणार: सुरुवातीलाच चारही रंग उघडे असले, तर कोरडा नाइलाज बराच कमी होतो. आम्ही अर्धाच नियम उचलला होता. पुढचे डाव सत्त्या मांडून खेळलो. तेव्हा अडवायला छक्क्या आणि अठ्ठ्या उरल्या, त्या अडवणं जास्त महाग पडतं, आणि भाचा, ज्याला अडवणं म्हणजे चीटिंग वाटत होतं, त्याने किल्वरची अठ्ठी दोन पास जाळून धरून ठेवली. तिसरा पास त्याने नाइलाजासाठी राखून ठेवला होता. कुणी शिकवलं नव्हतं.